तिच्या डोळ्यांसमोर

हिमानीच्या मृत्युपत्रात एकही चूक नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो मला विचारायचा, काकू, वकिलानं काही उलटसुलट लिहिलं होतं का? नाही हो. दोन पानांचा कागद होता. मी आयुष्यभर शाळेत मराठीच्या वह्या तपासल्या, लाल शाईशिवाय माझा हात राहायचा नाही, पण त्या कागदात खोट काढायला मला जागा सापडली नाही.

हिमानी आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. वय छत्तीस. वाळूजला एका कंपनीत हिशेबाचं काम बघायची. नवरा विश्वजित फुलंब्रीच्या रस्त्यावर अपघातात गेला, त्यानंतर दोन वर्षं आई आणि लेक, एवढंच त्यांचं घर. लेक म्हणजे प्रेरणा. तेव्हा आठ वर्षांची होती. आणि मग हिमानीच्याच पोटात तो मेला आजार निघाला. क्रांती चौकातल्या डॉक्टरपासून मुंबईपर्यंत सगळीकडं जाऊन आली आणि एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "काकू, आता उपचार बंद. आता प्रेरूचं बघायचं."

प्रेरूचं काय बघायचं होतं ते मला ठाऊक होतं. विश्वजितचा थोरला भाऊ सर्जेराव फुलंब्रीजवळच्या गावात राहतो. माणूस राक्षस नाही, हे आधीच म्हणते. पुतणीसाठी दर सणाला फ्रॉक आणायचा, तिला खांद्यावर घेऊन फिरायचा. पण मागच्या दुष्काळात विहीर आटली, हातात काही राहिलं नाही, तेव्हा त्यानं आपल्या सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न लावून टाकलं. चुलत पुतण्याच्या मांडवातच तिलाही उभी केली, म्हणजे जेवणावळ एकच. दहावीचा निकालसुद्धा लागला नव्हता. हिमानीनं तेव्हा भांडण केलं होतं. सर्जेराव शांतपणे म्हणाला होता, "वहिनी, पाणी नसलेल्या घरात वयात आलेली पोर ठेवायची म्हंजी लई जोखीम असती. तुमास्नी शहरात बसून नाय कळायचं." ती पोर आता दोन लेकरांची आई आहे आणि ऊसतोडीला जाते.

म्हणून हिमानीला मृत्युपत्र करायचं होतं. घरदार, पैसाअडका काही असो, तिला एकच ओळ हवी होती.

अदालत रोडवरचे रेणापूरकर वकील घरी आले. तिनं आधी स्वतःच एक कागद लिहून ठेवला होता, 'माझं सगळं माझ्या मुलीला आणि मुलगी माझ्या बहिणीला.' वकिलांनी तो वाचला आणि म्हणाले, "ताई, भावना कळली, पण कोर्टाला कळायला पाहिजे. सगळं म्हणजे काय? बहीण म्हणजे कोण?" मग त्यांनी एकेक विचारून घेतलं. फ्लॅटचा नंबर, बँकेची खाती, दागिने, विम्याचे पैसे, हे सगळं एकट्या प्रेरणाला. ज्यांचा उल्लेख यायचा त्या सगळ्यांची पूर्ण नावं, वय, पत्ता, नातं. मृत्युपत्र अमलात आणायला एक्झिक्युटर म्हणून मी, मनस्विनी सदाशिव पाठक. आणि मग ती ओळ: 'माझी अज्ञान मुलगी कु. प्रेरणा विश्वजित गाडेकर हिची व तिच्या मालमत्तेची पालक म्हणून मी माझी सख्खी बहीण कु. अंबिका दत्तात्रय जोशी, राहणार फर्दापूर, हिची नेमणूक करीत आहे.'

अंबिका फर्दापूरला एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला. अजिंठा बघायला येणाऱ्या लोकांशी चार भाषांत बोलते, लग्न केलेलं नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. प्रेरणा तिला माऊ म्हणते. वकील म्हणाले, "वडील आधीच गेलेले, त्यामुळं आईनं मृत्युपत्रात पालक नेमला तर कायदा तो मानतो. मग काकांना हरकत घ्यायला फारशी जागा उरत नाही."

"आणि मृत्युपत्र नसेल तर?" हिमानीनं विचारलं.

"मालमत्ता तशीही मुलीलाच जाईल. पण पालक कोण, हे कोर्ट ठरवेल."

"मग हे पालकाचं नीट करा," ती म्हणाली. "बाकी नाही झालं तरी चालेल."

सहीचा दिवस ठरला त्या सकाळी वकिलांना खंडपीठातून हलता येईना. दुसऱ्या दिवसावर टाकू म्हणाले. पण आमच्या इमारतीतले डॉक्टर तोष्णीवाल तिला बघून बाहेर आले आणि मला जिन्यात म्हणाले, "उद्यावर टाकू नका. आज शुद्ध चांगली आहे." तेव्हा वकिलांनी फोनवर सगळं समजावून सांगितलं. माझ्या हातात फोन, आवाज मोठा केलेला, सगळे ऐकताहेत. स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी केली तर बरं, त्यासाठी सोमवारी निबंधक घरी येतील असा अर्ज करू. पण साक्षीदार दोन पाहिजेत. तिनं सही करताना दोघांनी बघायची, आणि मग दोघांनी तिच्या डोळ्यांसमोर आपली सही करायची. "सह्या होईपर्यंत कुणी खुर्चीवरून उठायचं नाही," असं ते हसत म्हणाले. डॉक्टर एक साक्षीदार. दुसरे आमचे हे, सदाशिवराव. वकील म्हणाले, एक्झिक्युटरचा नवरा साक्षीदार असला तरी चालेल, त्यात कुणाला काही मिळत नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे सचिव. आमच्या गारखेड्यात त्या उन्हाळ्यात नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं. जायकवाडीत पाणी असो नसो, आमच्याकडं यायचं ते अर्धा-पाऊण तास, आणि वेळेचा पत्ता नाही. चोवीस घरं, एक हौद. आजूबाजूला एवढ्या दहा-दहा मजली इमारती उठल्या की त्याच एका लायनीवर सगळे तुटून पडायचे. हौदात पाणी सोडायच्या आमच्या वॉलवरून मागं मारामारी झाली होती, म्हणून त्याला कुलूप घातलं होतं आणि चावी ह्यांच्या जानव्याला. पाणी आलं की हे जेवणावरून उठत. एकदा आरतीच्या मध्यातून उठले होते. मी म्हणायची, तुम्ही मेलात आणि पाणी आलं तर तिरडीवरून उठाल. हे म्हणायचे, "उठावंच लागेल, चोवीस घरं आहेत."

आणि प्रेरणा त्यांची शागीर्द. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, फुसफुस आवाज होतो. तो आवाज ओळखायला ह्यांनी तिला शिकवलं होतं. आमच्या दोन्ही घरांचे नळ उघडे ठेवून ती कान लावून बसायची. आवाज आला की धावत येऊन ओरडायची, "आजोबा, पाणी." इमारतीत सगळ्यात आधी तिलाच कळायचं. मग हे तिला दहा रुपयांची कुल्फी आणून द्यायचे.

तर त्या दुपारी हिमानीला उशा लावून बसवलं. पलीकडं डॉक्टर, अलीकडं हे, पायाशी मी. प्रेरणाला आमच्याकडं टीव्हीसमोर बसवून आले होते. मी कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं मान डोलावली, पालकाची ओळ पुन्हा वाचायला लावली. डोळे मिटून ऐकली. मग पेन हातात घेतलं. मी कागदाखाली पाटी धरली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आजोबा, पाणी."

हे ताडकन उठले. एवढंच झालं. मी "अहो" म्हणेपर्यंत दाराशी पोचले होते. "आलोच. तुम्ही चालू द्या, मी येऊन करतो सही," असं म्हणत जिना उतरले. हिमानी हसली. म्हणाली, "जाऊ दे त्यांना काकू, नाहीतर लोक माझ्या नावानं बोटं मोडतील." मग तिनं दोन्ही पानांवर सही केली. पुरती तीन मिनिटं लागली असतील तिला. डॉक्टरांनी तिच्यासमोर सही केली आणि ते दवाखान्यात गेले.

हे आले तेव्हा अंगावरचा शर्ट भिजलेला होता आणि हिमानीला वेदनेचं औषध देऊन झालं होतं. मी प्रेरणाला जेवायला घालायला आमच्या घरी आले होते. मी ह्यांना विचारलं, "सही करायचीय तुमची, माहिती आहे ना? ती जागी असताना करा. तिला विचारा, ही तुझी सही ना, आणि मग करा." वकिलांनी तेही सांगितलं होतं, की साक्षीदारानं सही होताना पाहिली नसली, तर तिनं स्वतः त्याला सांगावं, ही माझीच. मग त्यानं तिच्यासमोर करावी. चालतं तसं.

संध्याकाळी मी विचारलं, "झाली का सही?"

"झाली," हे म्हणाले.

हिमानी त्यानंतर दोन दिवस होती. मधूनमधून चांगली शुद्धीवर यायची. पाणी प्यायली, प्रेरणाची वेणी घातली, अंबिकाशी फोनवर बोलली. एकदा माझा हात धरून विचारलं, "काकू, सगळं नीट झालं ना?" मी म्हणाले, "सगळं झालं गं. तू निवांत राहा." ती निवांत झाली. सोमवारी निबंधक यायचे होते, रविवारी पहाटे ती गेली.

तेराव्याला सर्जेराव रडला, खरंच रडला. आणि मग म्हणाला, "पोरगी आमच्या घरची हाये. भावाचं एवढंच राहिलं." अंबिकानं मृत्युपत्र दाखवलं. तो वाचत बसला, बोटानं ओळी धरून. महिन्याभरात कौटुंबिक न्यायालयाची नोटीस आली. मृत्युपत्र मान्य नाही, मला पालक नेमा, असा त्याचा अर्ज.

रेणापूरकर वकील निर्धास्त होते. दोन्ही साक्षीदार हयात, त्यातला एक डॉक्टर. ह्यांची साक्ष कशी होणार, हे बसवून घ्यायला त्यांनी आम्हाला बोलावलं. समोर कागद ठेवला आणि विचारलं, "पाठककाका, तुम्ही ही सही कुठं केलीत?"

ह्यांनी कागद जवळ ओढला.

"तिच्या खोलीत ना?"

"आमच्या जेवणाच्या टेबलावर," हे म्हणाले. "ती झोपली होती हो. औषधानं जरा डोळा लागला होता. मला उठवावंसं वाटलं नाही. ही आत प्रेरूला निजवत होती. कागद घेऊन आलो, सही केली, परत तिच्या उशाशी नेऊन ठेवला. सहीच तर करायची होती."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला अजून काही कळलं नव्हतं. मी म्हणाले, "सही ह्यांचीच आहे, तिची सहीही तिचीच आहे. खोटं काय आहे त्यात?"

"खोटं काहीच नाही काकू," ते म्हणाले. "पण तिच्यासमोर झालेली नाही. म्हणजे साक्षीदार एकच. आणि एका साक्षीदाराचं मृत्युपत्र हे मृत्युपत्रच नव्हे."

त्या दोन दिवसांचं मला तेव्हा आठवलं. ती जागी होती. वेणी घालत होती. ह्यांनी नुसतं समोर जाऊन, हिमानी ही तुझी सही ना गं, एवढं विचारून दुसरी सही ठोकली असती, तर झालं असतं सगळं. मिनिटभराचं काम. पस्तीस वर्षं ज्या माणसानं तारखेवाचून फाईल पुढं सरकवली नाही, त्याला एका मरणाऱ्या पोरीची झोप मोडवली नाही. चांगुलपणानंच घात केला, असं म्हणू?

घरी आल्यावर मी ह्यांना सरळ सांगितलं. चहा ठेवला होता, तो उतू गेला तरी बघितलं नाही. "कोर्टात म्हणायचं, तिच्या खोलीत केली. ती जागी होती. तिनं मान डोलावली."

"शपथ घेऊन?"

"हो, शपथ घेऊन. कुणाला कळणार आहे? वकील आपलेच. तुम्ही, ती आणि देव. ती गेली. देवाचं मी बघते."

हे म्हणाले, "बघतो." मला वाटलं, ऐकतील. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना खोटं बोलायला सांगत होते आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही.

डॉक्टरांची साक्ष आधी झाली. सर्जेरावच्या वकिलांनी विचारलं, "सही होताना दुसरे साक्षीदार होते का?" डॉक्टर म्हणाले, "नव्हते, पाणी आलं म्हणून खाली गेले होते. त्यांनी सही केव्हा केली, मी पाहिलेलं नाही." मग हे पिंजऱ्यात उभे राहिले. धुतलेला सदरा, इस्त्रीचं धोतर. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं म्हणताना आवाज खणखणीत. आणि विचारल्याबरोबर सगळं सांगून टाकलं. टेबल, झोप, औषध, सगळं. न विचारलेलंही सांगितलं. मी खाली बाकावर बसून ह्यांच्याकडं टक लावून बघत होते, पण ह्यांनी एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही.

जिथं खोटं करायला नको होतं तिथं केलं, आणि जिथं खोट्यानं एक पोर वाचली असती तिथं हरिश्चंद्र झाले. बाहेर आल्यावर मी तसं तोंडावर म्हणाले. हे म्हणाले, "मनू, माझ्याच्यानं नाही झालं." तेवढंच. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

मृत्युपत्र गेलं. ते गेल्यावर कोर्टानं मुलीचं हित बघायचं ठरवलं. आईची इच्छा काय होती हे त्या कागदावरून दिसतं, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या, पण ती बंधनकारक नाही, अनेक गोष्टींमधली एक. अंबिका एकटी, शिफ्टची नोकरी, भाड्याच्या खोल्या. सर्जेरावकडं भरलं घर, आजी, चुलतभावंडं, गावात शाळा. आमच्या वकिलांनी त्याच्या पोरीच्या लग्नाचा विषय काढला. त्यानं आधार कार्ड दाखवलं, त्यावर ती लग्नाच्या दिवशी अठरा पूर्ण होती. ते जन्मवर्ष कुणी आणि कधी बदललं, हे कोण सिद्ध करणार?

न्यायाधीशबाईंनी प्रेरणाला आपल्या खोलीत बोलावलं. प्रेमानं विचारलं, कुठं राहावंसं वाटतं? काका की माऊ, काहीच म्हणाली नाही ती. "मला आमच्या घरीच राहायचंय," म्हणाली. एवढंच. आठ वर्षांचं लेकरू, आईच्या वासाच्या घरातून हलायला तयार नव्हतं, तिला काय माहीत कुठल्या उत्तरानं काय होतं.

निकाल सर्जेरावच्या बाजूनं लागला. माऊला सुट्टीत भेटायची मुभा. फ्लॅट मात्र मुलीचाच, कोर्टाच्या परवानगीवाचून काकाला तो विकता येणार नाही. वकील म्हणाले, "मालमत्ता सुरक्षित आहे, काकू." मी त्यांना म्हणाले, तिनं तुम्हाला काय सांगितलं होतं, बाकी नाही झालं तरी चालेल. बाकी तेवढं झालं बघा.

तो न्यायला आला त्या दिवशी अंबिकाही आली होती. बॅग भरली. शाळेचा दाखला काढला होता, तो मी वरच्या कप्प्यात ठेवला आणि सर्जेरावला म्हणाले, "दहावीच्या आधी हिचं काही करू नका." तो म्हणाला, "काकू, म्या काय कसाई हाये व्हय? पाऊस झाला तर कशाला करीन?" पाऊस झाला तर. हे ऐकून अंबिकानं प्रेरणाला कवटाळलं, पण रडली नाही, पोरीनं बघू नये म्हणून.

प्रेरणा मला म्हणाली, "आजी, इकडं ये ना." बाजूला नेलं. आमच्या स्वयंपाकघरात, नळापाशी. हळूच विचारलं, "मी पाणी आलं म्हणून सांगितलं, म्हणून मला जावं लागतंय का?"

कोर्टात डॉक्टर बोलले, हे बोलले, सगळीकडं पाणी पाणी झालं होतं, ते तिच्या कानावर गेलंच असणार. मी खाली बसून तिला पोटाशी घेतलं आणि म्हणाले, "नाही गं बाई. मुळीच नाही." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आईसारखेच डोळे आहेत तिचे. मग म्हणाली, "मी नळ बंद ठेवायला पाहिजे होता." आणि स्वतःच जाऊन काकाच्या जीपमध्ये बसली. ह्यांना भेटली नाही. हे बाल्कनीत उभे होते, कठडा धरून.

पुढच्या आठवड्यात पाणी आलं. नळ फुसफुसला, आम्ही दोघंही ऐकत होतो. हे खुर्चीत बसून राहिले. मी म्हणाले, "अहो, पाणी." हे हलले नाहीत. हात जानव्यावर गेला, चावी मुठीत धरली आणि बसून राहिले. खालून लोक हाका मारायला लागले, कुणी दार वाजवलं. मी त्यांच्या मुठीतून चावी सोडवून घेतली, त्यात जानवं ताणलं गेलं. मग मीच खाली गेले आणि वॉल उघडला. चोवीस घरं आहेत, पाणी लागतं लोकांना.